गाचा खेळातील ‘पिटी’ची मोजणी चुकीच्या वेळी शून्य होते तेव्हा: नोंदींवरून चूक शोधण्याची आणि दुरुस्त करण्याची पद्धत

काही वर्षांपूर्वी मी एका गाचा प्रकारच्या, म्हणजे नशिबाच्या सोडतीतून पात्रे मिळवण्याच्या, मोबाइल गेमच्या सर्व्हरच्या चाचणीचे काम पाहत होतो. एप्रिलच्या शेवटी मदतकक्षाकडे एका खेळाडूची तक्रार आली. त्याने २ मार्चपासून दर रविवारी १० याप्रमाणे ९० सोडती घेतल्या होत्या आणि त्यांत एकही फाइव्ह स्टार, म्हणजे सर्वांत दुर्मीळ दर्जाचे, पात्र निघाले नव्हते. गेमच्या नियमात मात्र ८०व्या सोडतीला फाइव्ह स्टारची हमी दिलेली होती. मदतकक्षाने सर्व्हरवरचा आकडा पाहून उत्तर पाठवले, “आपली मोजणी सध्या ४० आहे, हमीला अजून ४० सोडती बाकी आहेत.” उत्तर सभ्य होते आणि सर्व्हरशी तंतोतंत जुळतही होते, पण ज्या आकड्याबद्दल तक्रार होती तोच आकडा पुरावा म्हणून दाखवला गेला होता. या एका प्रकरणाच्या आधारे, अशी चूक कशी ओळखावी, तिचे मूळ कसे शोधावे आणि खेळाडूंचे देणे कसे काढावे, हे या लेखात क्रमाने मांडले आहे. गेम बनवणाऱ्यांसाठी तो आहेच, पण स्वतःचा हिशेब स्वतः तपासू पाहणाऱ्या खेळाडूलाही त्यातला बराच भाग वापरता येईल.

शब्दांबद्दल थोडेसे. खेळाडू एका वेळच्या प्रयत्नाला ‘पुल’ म्हणतात. लिहिताना तो नदीवरचा पूल वाटतो, म्हणून मी म्हाडाच्या घरांसाठी वापरला जाणारा ‘सोडत’ हाच शब्द घेतला आहे. ‘पिटी’ म्हणजे बराच काळ काही न मिळालेल्या खेळाडूला ठरावीक सोडतीनंतर मिळणारी हमी. जपानमध्ये तिला ‘तेन्जो’, म्हणजे छत, म्हणतात. एका फाइव्ह स्टारनंतरच्या पहिल्या सोडतीपासून पुढच्या फाइव्ह स्टारपर्यंतच्या सोडतींना मी ‘चक्र’ म्हणेन.

पहिली पायरी: जाहीर केलेला आकडा नेमका काय सांगतो

चीनमध्ये मे २०१७ पासून अशा सोडतींची संभाव्यता जाहीर करणे बंधनकारक झाले, ॲपलने त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये ॲप स्टोअरसाठी तसाच नियम केला आणि दक्षिण कोरियात तो २२ मार्च २०२४ पासून कायद्याने लागू झाला. त्यामुळे आकडे शोधावे लागत नाहीत, पण ते नीट वाचावे लागतात, कारण बहुतेक ठिकाणी दोन वेगळे आकडे दिलेले असतात. एक असतो मूळ दर, म्हणजे प्रत्येक सोडतीला स्वतंत्रपणे असलेली शक्यता. दुसरा असतो हमी धरून येणारा एकत्रित दर, म्हणजे दीर्घकाळात शंभर सोडतींमागे सरासरी किती वस्तू मिळतात त्याचे प्रमाण.

गेन्शिन इम्पॅक्ट या गेममध्ये पात्रांच्या बॅनरवर, म्हणजे त्या पात्रांच्या सोडतीच्या पानावर, मूळ दर ०.६ टक्के, एकत्रित दर १.६ टक्के आणि हमी ९०व्या सोडतीला असे लिहिलेले असते. हे तीन आकडे एकमेकांशी ताडून पाहण्यासारखे आहेत. फक्त ९०व्या सोडतीची हमी असेल आणि त्याआधी प्रत्येक वेळी ०.६ टक्के हीच शक्यता असेल, तर चक्राची सरासरी लांबी पुढील सूत्राने निघते:

```
mean = (1 - (1 - p)^N) / p
rate = 1 / mean
```

येथे `p` म्हणजे मूळ दर आणि `N` म्हणजे हमीची सोडत. त्यात ०.००६ आणि ९० घातले तर सरासरी ६९.७ सोडती येते, म्हणजे दर सुमारे १.४३ टक्के. जाहीर आकडा १.६ आहे. याचा अर्थ हमीच्या अगोदरच शक्यता वाढत असली पाहिजे, आणि खेळाडूंनी जमवलेल्या नोंदींतूनही ७४व्या सोडतीच्या आसपासपासून ती झपाट्याने वाढते असेच दिसले. यालाच ते ‘सॉफ्ट पिटी’ म्हणतात. ७४व्यापासून दर सोडतीला सहा टक्क्यांची भर धरली, तर सरासरी ६२.३ आणि दर १.६ टक्के येतो, म्हणजे जाहीर आकड्याशी मेळ बसतो. हा पडताळा अगोदर करावा, कारण नियमाचे स्वतःचे आकडेच एकमेकांशी जुळत नसतील, तर पुढे जे काही मोजाल त्याची तुलना कशाशी करायची हेच ठरत नाही.

याच पायरीवर मोजणी केव्हा शून्य व्हायला हवी, हेही लिहून काढावे. मोजणी चुकली अशा तक्रारींतला मोठा भाग नियमाच्या गैरसमजातून येतो. गेन्शिनमध्ये हव्या असलेल्या पात्राऐवजी दुसरे कोणतेही फाइव्ह स्टार मिळाले तरी मोजणी शून्य होते; पुढचे फाइव्ह स्टार बॅनरवरचेच असेल ही हमी वेगळ्या खुणेने जपली जाते. पात्रांच्या बॅनरची मोजणी पुढच्या पात्रांच्या बॅनरवर तशीच चालू राहते, शस्त्रांच्या बॅनरवर मात्र ती जात नाही. हे ठाऊक नसेल तर योग्य वागणूकही चूक वाटते.

आमच्या गेमचा नियम साधा होता. मूळ दर १ टक्का, हमी ८०व्या सोडतीला, सॉफ्ट पिटी नाही, आणि मोजणी फक्त फाइव्ह स्टार मिळाल्यावरच शून्य होणार. वरच्या सूत्राने सरासरी ५५.२५ सोडती आणि एकत्रित दर १.८१ टक्के येतो. आमच्या माहितीच्या पानावर हाच १.८१ छापलेला होता.

दुसरी पायरी: एकूण सरासरीवर विसंबू नका

तक्रार आल्यावर सर्वांचा पहिला प्रश्न होता की, चाचणीत हे कसे सुटले? चाचणी झाली होती. एका बनावट खात्यावर १० लाख सोडती सलग चालवल्या होत्या आणि त्यांत सुमारे १८,१०० फाइव्ह स्टार निघाले होते. इतक्या मोठ्या नमुन्यात योगायोगाने होणारा फरक दीडशेच्या आतबाहेरच असतो, तेव्हा निकाल निर्दोष होता. अडचण एवढीच की, त्या १० लाख सोडती काही मिनिटांत संपल्या होत्या, आणि दोष दिसायला तीस दिवस लागत होते.

खऱ्या खेळाडूंची एकूण सरासरीही तितकीच फसवी ठरू शकते. समजा, महिन्यात २,००० खेळाडूंनी प्रत्येकी ५०० सोडती घेतल्या आणि ८,००० खेळाडूंनी प्रत्येकी २०. पहिल्या गटाला पूर्ण १.८१ टक्के मिळाले आणि दुसऱ्या गटाला हमी कधीच न मिळता फक्त १ टक्का मिळाला, तर ११ लाख ६० हजार सोडतींत १९,७०० फाइव्ह स्टार, म्हणजे १.७० टक्के, असा आकडा दिसतो. पाचांपैकी चार खेळाडू हमीला पूर्ण मुकले, तरी अहवालातली घट मात्र दशांश स्थळावरच्या किरकोळ फरकासारखी वाटते, कारण बहुतेक सोडती पैसे मोजणाऱ्या मोजक्या लोकांच्या असतात.

शिवाय या फरकाला एक अगदी खरे वाटणारे स्पष्टीकरणही तयार असते, आणि आमच्या बैठकीत ते दिले गेलेच: “चक्रे अजून अपुरी आहेत.” ते अर्धे खरेही आहे. ज्याने आजवर एकूण ४० सोडतीच घेतल्या आहेत, त्याला ८०व्या सोडतीची हमी मिळण्याचा प्रश्नच नसतो. त्याच्यासाठी आजपर्यंतचा योग्य दर १ टक्काच आहे. तेव्हा नव्या गेममध्ये एकत्रित दर काही काळ कमी दिसणे नैसर्गिक आहे. दोष आणि अपुरेपणा यांतला फरक सरासरीवरून कळत नाही. त्यासाठी प्रत्येक सोडत आपल्या चक्रातली कितवी होती हे पाहावे लागते.

उलट बाजूनेही सावध राहावे. “पंचावन्नाला एक म्हणता आणि मला सत्तर झाल्या तरी काही नाही,” ही तक्रार दोषाची खूण नव्हे. वरच्या नियमानुसार शंभरातली ४५ चक्रे थेट ८०व्या सोडतीपर्यंत पोहोचतात. सरासरी ५५ असली तरी जवळजवळ निम्म्या वेळा छतालाच टेकावे लागते, आणि ही गोष्ट माहितीच्या पानावर कोणी लिहीत नाही.

तिसरी पायरी: नोंदींवरून खरी मोजणी पुन्हा बांधा

सर्व्हरने साठवलेल्या मोजणीकडे या टप्प्यावर पाहूच नये. सोडतींची मूळ नोंद घ्यावी, म्हणजे कोणत्या खेळाडूने, कोणत्या प्रकारच्या बॅनरवर, केव्हा सोडत घेतली आणि फाइव्ह स्टार निघाले की नाही. या चार गोष्टींवरून खरी मोजणी नव्याने काढता येते. `pulls` या तक्त्यात `is_hit` हा रकाना ० किंवा १ असेल तर चौकशी अशी होते:

```
WITH t AS (
  SELECT *, COALESCE(SUM(is_hit) OVER (
    PARTITION BY player_id, banner_type
    ORDER BY pull_id
    ROWS BETWEEN UNBOUNDED PRECEDING
             AND 1 PRECEDING), 0) AS cycle_no
  FROM pulls)
SELECT *, ROW_NUMBER() OVER (
  PARTITION BY player_id, banner_type, cycle_no
  ORDER BY pull_id) AS true_n
FROM t;
```

आतल्या भागात प्रत्येक सोडतीच्या आधी त्या खेळाडूला किती फाइव्ह स्टार मिळाले होते ते मोजले जाते, आणि तोच चक्राचा क्रमांक होतो. बाहेरच्या भागात चक्रातल्या सोडतींना १, २, ३ असे क्रमांक लागतात. `1 PRECEDING` ही मर्यादा विसरू नये. ती नसेल तर फाइव्ह स्टारची सोडत पुढच्या चक्रात ढकलली जाते आणि सगळी मोजणी एकाने सरकते. दहाच्या गठ्ठ्यात सर्व सोडतींची वेळ एकच नोंदली जाते, म्हणून क्रम वेळेवरून न लावता `pull_id` वरून लावला आहे. बॅनर बदलल्यावर मोजणी पुढे चालू राहत असेल, तर गट बॅनरच्या प्रकारावर करावा, एकेका बॅनरवर नव्हे.

आता वरचा निकाल `rebuilt` या नावाने साठवून प्रत्येक `true_n` साठी किती सोडती झाल्या आणि त्यांतल्या किती फळल्या, हे मांडावे:

```
SELECT true_n, COUNT(*) AS pulls,
       AVG(is_hit * 1.0) AS rate
FROM rebuilt GROUP BY true_n ORDER BY true_n;
```

दोष नसेल तर आमच्या गेममध्ये १ ते ७९ या प्रत्येक ओळीत दर १ टक्क्याच्या आसपास, ८०च्या ओळीत नेमका १०० टक्के आणि ८१ची ओळ अस्तित्वातच नाही, असे दिसायला हवे. या मांडणीत अपुऱ्या चक्रांची सबब चालत नाही, कारण ८०व्या ओळीत फक्त तेथवर पोहोचलेले खेळाडूच असतात. संख्याशास्त्राचीही फारशी गरज उरत नाही. मूळ दर १ऐवजी ०.९ आहे की काय, हे ठरवायला लाखो सोडती लागतात. हमी मोडली हे ठरवायला ८१व्या क्रमांकाची एकच सोडत पुरते.

आमच्या तक्त्यात ८०च्या ओळीतला दर १००च्या बराच खाली होता आणि त्याखाली ८१, ८२ करत दोनशेच्याही पुढे ओळी गेल्या होत्या. तक्रार करणारा खेळाडू ९०व्या ओळीत होता. निव्वळ १ टक्क्याच्या हिशेबाने सलग ९० सोडती कोऱ्या जाण्याची शक्यता ४० टक्के, म्हणजे त्याचे नशीब तसे सामान्यच होते. नियमाने मात्र ते अशक्य होते.

चौथी पायरी: मोजणी कोठे तुटते ते शेपटीच्या आकारावरून ओळखा

८०च्या पुढे गेलेल्या ओळींना मी शेपूट म्हणतो. कोड उघडण्याआधी ती नीट पाहावी, कारण वेगवेगळ्या चुकांची शेपटी वेगवेगळी असते.

शेपूट नेमकी ८१वर संपत असेल, तर तुलना एका सोडतीने चुकली आहे. `>=` ऐवजी `>` लिहिणे किंवा मोजणी वाढवण्याआधीच तपासणे, एवढेच बहुधा निघते. शेपूट ८९पर्यंत जाऊन थांबत असेल, तर संशय दहाच्या गठ्ठ्यावर घ्यावा. दहा सोडतींत तिसऱ्याच सोडतीला फाइव्ह स्टार मिळाले, तर उरलेल्या सात पुढच्या चक्रात धरल्या पाहिजेत, पण गठ्ठा संपल्यावर मोजणी सरळ शून्य लिहिली तर त्या हरवतात. हरवणाऱ्या सोडती जास्तीत जास्त नऊ, म्हणून छत जास्तीत जास्त ८९वर सरकते. नेहमी दहाचाच गठ्ठा घेणाऱ्याला यामुळे १.८१ऐवजी सुमारे १.७७ टक्के मिळतात. एवढा फरक सरासरीत कोणाच्याही डोळ्यांत भरणार नाही, तक्त्यात मात्र तो पहिल्याच नजरेत दिसतो.

शेपूट लांब असेल आणि मोडलेली सर्व चक्रे कोणत्या तरी एकाच तारखेच्या अलीकडे-पलीकडे पसरलेली असतील, तर बॅनर बदलताना किंवा गेमच्या नव्या आवृत्तीत माहिती हलवताना मोजणी पुसली गेली आहे. फोर स्टार वस्तू मिळाल्यावरही मोजणी शून्य होत असेल, तर तेथे दहा सोडतींत एक फोर स्टार हमखास असल्याने मोजणी दहाच्या पुढे जातच नाही आणि ८०च्या ओळीतला दर सर्वांसाठीच १ टक्का दिसतो. अशी ढोबळ चूक पहिल्याच दिवशी उघडी पडते.

आमच्या शेपटीला ना ठरलेली लांबी होती ना ठरलेली तारीख. काहींची हमी व्यवस्थित पाळली गेली होती, काहींची मुळीच नाही. अशा वेळी ८०च्या ओळीतल्या खेळाडूंचे दोन भाग करावेत, हमी मिळालेले आणि न मिळालेले, आणि ते कशात वेगळे आहेत ते शोधावे. आम्ही देश, फोनचा प्रकार, गेमची आवृत्ती, पैसे भरले की नाही, असे सगळे लावून पाहिले. पैसे भरणाऱ्यांत हमी पाळली जाते, न भरणाऱ्यांत बहुधा नाही, असे दिसले तेव्हा खोलीतले वातावरण बदलले. हे कोणी मुद्दाम केले आहे का, हा प्रश्न उघडपणे विचारला गेला. तो अकारण नव्हता. जानेवारी २०२४मध्ये कोरियाच्या फेअर ट्रेड कमिशनने नेक्सॉनला सुमारे ११.६ अब्ज वॉन दंड ठोठावला तो मेपलस्टोरीमधील ‘क्यूब’च्या संभाव्यता खेळाडूंना न कळवता त्यांच्या तोट्याच्या दिशेने बदलल्याबद्दलच.

पण पैशाचा रकाना येथे दुसऱ्याच कशाची तरी सावली होता. एका सहकाऱ्याने प्रत्येक चक्राच्या पहिल्या सोडतीपासून ८०व्या सोडतीपर्यंत किती दिवस गेले ते काढले आणि दोन्ही गट त्या एका आकड्यावर स्वच्छ वेगळे झाले. ज्यांच्या ८० सोडती ३० दिवसांच्या आत झाल्या होत्या, त्यांतला एकही हमीला मुकला नव्हता. ज्यांना ३० दिवसांहून अधिक लागले, त्यांच्या ८०व्या सोडतीचा दर १ टक्का होता. पैसे भरणारे भराभर सोडती घेतात, एवढेच पैशाच्या रकान्यामागे होते.

पाचवी पायरी: कोडमध्ये कारण पाहा

तीस दिवस म्हणजे २५,९२,००० सेकंद. कोडमध्ये हा आकडा शोधला तेव्हा तो एकाच ठिकाणी सापडला. मोजणी रेडिस या तात्पुरत्या साठ्यात ठेवलेली होती आणि त्या कोडचा सारांश असा होता:

```
n = redis.incr(key)
if n == 1:
    redis.expire(key, 2592000)
hit = n >= 80 or rng.random() < 0.01
if hit:
    redis.delete(key)
```

वाचताना यात काहीच खटकत नाही, आणि आमच्या दोन तपासनिसांनाही खटकले नव्हते. निष्क्रिय खात्यांच्या नोंदी साठ्यात पडून राहू नयेत म्हणून ३० दिवसांची मुदत घातली होती. लिहिणाऱ्याची समजूत अशी की, खेळाडू खेळत राहिला की मुदत आपोआप पुढे सरकेल. रेडिसमध्ये तसे होत नाही. `INCR` आकडा वाढवते, पण मुदतीला हात लावत नाही. म्हणून मुदत चक्राच्या पहिल्या सोडतीपासून मोजली जाई आणि ती संपताच मोजणी नाहीशी होई. त्यानंतरच्या सोडतीला `INCR` ला जागा रिकामी दिसे, आणि रिकाम्या जागेला ते शून्य धरून १ पासून सुरुवात करते. कोणतीही चूक नोंदली जात नसे, कारण साठ्याच्या दृष्टीने चूक झालेलीच नव्हती.

आता तक्रारदाराच्या तारखा पाहू. पहिल्या दहा सोडती २ मार्चला. मुदत संपणार १ एप्रिलला. ९, १६, २३ आणि ३० मार्च मिळून ५० सोडती झाल्या आणि सर्व्हरवरही ५०च होत्या. १ एप्रिलला मोजणी पुसली गेली. ६ एप्रिलला त्याच्या खऱ्या ५१ ते ६० क्रमांकाच्या सोडती सर्व्हरने १ ते १० म्हणून मोजल्या. २० एप्रिलला तो खऱ्या ८०व्या सोडतीपर्यंत आला तेव्हा सर्व्हरवर ३० होते, आणि २७ एप्रिलला ९० झाल्या तेव्हा ४०. मदतकक्षाने कळवलेला ४० हा आकडा तेथून आला होता. आठवड्यातून एकदा खेळणाऱ्याने दर वेळी १५पर्यंत सोडती घेतल्या, तर मुदतीत त्याच्या जास्तीत जास्त ७५ होतात, म्हणजे त्याला हमी कधीच मिळणार नाही. २० घेणाऱ्याला ती नेहमी मिळेल. पहिल्यासाठी गेमचा खरा दर १ टक्का, सरासरी शंभर सोडतींना एक पात्र. दुसऱ्यासाठी पंचावन्नाला एक. माहितीचे पान दोघांसाठी एकच.

सहावी पायरी: दुरुस्ती आणि तिची चाचणी

मुदत ३० दिवसांवरून वर्षावर नेणे ही दुरुस्ती नव्हे. त्याने तक्रारी पुढे ढकलल्या जातात. हमी हे खेळाडूचे देणे आहे, म्हणून तिची मोजणी मुख्य डेटाबेसमध्ये, सोडतीसाठी लागणारी रत्ने वजा होणे आणि सोडतीची नोंद होणे यांच्यासह एकाच व्यवहारात लिहिली पाहिजे. तिन्ही गोष्टी एकत्र घडाव्यात किंवा एकही घडू नये. व्यवहार सुरू होताना त्या खेळाडूची ओळ `SELECT ... FOR UPDATE` ने अडवून ठेवावी, म्हणजे जाळे अडखळल्यामुळे फोनने तीच विनंती दोनदा पाठवली तरी दोघी एकच जुना आकडा वाचणार नाहीत. प्रत्येक विनंतीला स्वतःचा क्रमांक द्यावा आणि तो आधी आलेला असेल तर नवी सोडत न काढता जुनाच निकाल परत पाठवावा. वेगासाठी रेडिसमध्ये प्रत ठेवायला हरकत नाही, पण तेथे आकडा सापडला नाही तर शून्य न धरता मुख्य नोंदीतून वाचावा.

सोडतीच्या नोंदीत त्या क्षणी सर्व्हरने धरलेली मोजणीही लिहून ठेवावी. आमच्याकडे हा रकाना नव्हता. तो असता, तर `true_n` आणि हा आकडा जेथे प्रथम वेगळे झाले ती सोडत एका चौकशीत सापडली असती आणि आमचा दीड आठवडा वाचला असता.

चाचणीसाठी दहा लाख सोडतींपेक्षा घड्याळ पुढे सरकवता येणे महत्त्वाचे आहे. आम्ही नंतर घातलेल्या चाचण्यांतली मुख्य अशी: यादृच्छिक निकाल बंद करून ७९ सोडती कोऱ्या घ्यायच्या, बनावट घड्याळ ४०० दिवस पुढे न्यायचे, साठा रिकामा करायचा, बॅनर बदलायचा आणि ८०वी सोडत घ्यायची. ती फळलीच पाहिजे. दुसरीत दहाच्या गठ्ठ्यातल्या तिसऱ्या सोडतीला फाइव्ह स्टार लादायचे आणि गठ्ठ्यानंतर मोजणी ७ आहे का ते पाहायचे. याखेरीज `true_n` चा तक्ता रोज रात्री खऱ्या नोंदींवर चालवला जातो आणि ८१वी ओळ उगवली तर सकाळी कोणीतरी उठवले जाते.

सातवी पायरी: देणे काढणे

नुकसान मोजताना सर्वांना सरसकट थोडी रत्ने वाटून मोकळे होण्याचा मोह होतो. त्यात ज्यांचे काही गेले नाही त्यांना मिळते आणि ज्यांची दोन पात्रे बुडाली त्यांनाही तेवढेच मिळते. नेमका आकडा काढणे मुळीच अवघड नाही, कारण खरी चक्रे आपल्याकडे आहेतच. प्रत्येक लांबलेल्या चक्रात दर ८०व्या सोडतीला एक फाइव्ह स्टार घालून पाहायचे. खेळाडूला नैसर्गिकरीत्या मिळालेले पात्र त्याचेच राहते. ते हिशेबातून वजा करू नये. १३०व्या सोडतीला पात्र मिळाले असेल, तर ८०व्याला एक मिळायला हवे होते आणि हे नव्या चक्रातल्या ५०व्या सोडतीला मिळाले असे धरायचे, म्हणजे देणे एक. १६५व्याला मिळाले असेल, तर ८० आणि १६० अशी दोन. संपलेल्या चक्राची लांबी `g` आणि अजून चालू असलेल्या कोऱ्या चक्राची लांबी `L` असेल, तर

```
owed_closed = floor((g - 1) / 80)
owed_open   = floor(L / 80)
new_counter = L mod 80
```

`g` मधून १ वजा करण्याचे कारण असे की, नेमक्या ८०व्या सोडतीला मिळालेले पात्र ही पाळलेली हमीच आहे, तिचे पुन्हा देणे लागत नाही. हा हिशेब दोष शिरला त्या दिवसापासूनच्या सर्व नोंदींवर चालवावा, तक्रार केलेल्यांपुरता नव्हे. आमच्याकडे बहुतेकांनी तक्रार केलीच नव्हती. त्यांनी ते आपल्या नशिबावर घातले होते.

खेळाडूने आपल्या बाजूने काय करावे

गेमच्या आत दिसणारा इतिहास बहुधा काही महिन्यांचाच असतो, तेव्हा तो दर महिन्याला स्क्रीनशॉट काढून किंवा वहीत उतरवून जपावा. बॅनरच्या नियमांचे पान त्याच दिवशी साठवावे, कारण नंतर ते बदलू शकते. आपले चक्र शेवटच्या फाइव्ह स्टारच्या पुढच्या सोडतीपासून मोजावे. त्याच गठ्ठ्यात त्यानंतर आलेल्या वस्तूही नव्या चक्रात धराव्यात. इतिहासाची सुरुवात चक्राच्या मधूनच होत असेल, तर दिसणारी मोजणी खऱ्यापेक्षा कमी असते, म्हणून ती हमीच्या पुढे गेली असेल तर दावा अधिकच पक्का होतो. तक्रारीत ‘दर कमी वाटतो’ असे लिहू नये. पहिली सोडत, हमीची सोडत आणि तिच्या पुढची सोडत, या तिन्हींच्या तारखा व वेळा द्याव्यात आणि मोजणी सोडतींच्या मूळ नोंदीवरून करून मागावी. पैसे भरलेले असतील आणि उत्तर मिळत नसेल, तर भारतात राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

आमच्या तक्रारदाराने नेमके हेच केले होते. त्याच्या पत्राला नऊ रविवारांचे नऊ स्क्रीनशॉट जोडलेले होते आणि शेवटच्या चित्रावर लाल पेनाने ‘८१’ला गोल केलेला होता. त्याच्या चालू चक्राची लांबी ९० होती, म्हणून त्याचे देणे एक फाइव्ह स्टार निघाले आणि नवी मोजणी १० लिहिली गेली.